तांबीचा धागा लागत नाही? या चुका टाळा

तासगावकडच्या एका गावातली बाई उपकेंद्राच्या दारातूनच मला म्हणाली, "सिस्टर, तांबी वर चढली. सासूबाई म्हणतात, काळजात जाती." काळजात जात नाही. पण धागा लागेनासा झाला तर गप्प बसणंही बरं नाही.

बाळ 7 महिन्यांचं. वार पडल्यावर 10 मिनिटांच्या आत तांबी बसवलेली. बाळंतपणानंतर 48 तासांपर्यंत ती बसवता येते. ती वेळ हुकली तर 6 आठवडे थांबायचं. त्या 48 तासांत बसवलेली तांबी पडण्याची शक्यता जास्त, कारण पिशवी आकसत असते. धागाही आधी आतच असतो, मग हळूहळू खाली उतरतो. म्हणून सहाव्या आठवड्याची तपासणी महत्त्वाची. हिची नेमकी तीच राहिली, माहेरी होती.

मोठी चूक म्हणजे 'तांबी आहेच' असं धरून चालणं. अंगावरून गाठी जाताना तांबी पडली तर कळतही नाही. हिची पाळी अजून आली नव्हती, म्हणजे दिवस गेले असते तरी लक्षात आलं नसतं. म्हणून आधी लघवीची तपासणी. ती निगेटिव्ह आली, पण नवराबायकोचा संबंध आठवड्यापूर्वीचा होता. इतक्या लवकर केलेल्या तपासणीवर विसंबता येत नाही. तांबी सापडेपर्यंत निरोध वापरा, असं सांगून ग्रामीण रुग्णालयात पाठवलं.

तिथं पिशवीच्या तोंडात बारीक ब्रश फिरवून पाहिला. गुंडाळलेला धागा बऱ्याचदा असाच खाली येतो. हिचा आला नाही. सोनोग्राफीत पिशवी रिकामी दिसली. "पडली असेल, दुसरी बसवा," असं घरच्यांचं सुरू झालं. ही दुसरी चूक. सोनोग्राफीत दिसली नाही म्हणजे पडलीच असं नव्हे. क्वचित ती पिशवीला भोक पाडून पोटात जाते. एक्स-रेमध्ये तांबी दिसते, हार्मोनवालीसुद्धा. फक्त एक्स-रे ओटीपोटापुरता न काढता वरच्या पोटासकट काढायचा. हिच्या एक्स-रेत काहीच नव्हतं, म्हणजे तांबी खरंच पडली होती. पोटात असती तर दुर्बिणीतून काढावी लागली असती.

शेवटच्या संबंधानंतर 3 आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली. तीही निगेटिव्ह आली, तेव्हा दुसरी तांबी बसवली.

धागा जागेवर असेल पण बोटाला कडक टोक लागत असेल, तर तांबी अर्धी खाली आलेली असते. ती स्वतः ओढू नका, आत ढकलूही नका. पोटात कळा आणि ताप, किंवा दिवस गेल्याची शंका आणि एका बाजूला दुखणं, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाकी पहिले 3 ते 6 महिने तांबीनं अंगावरून जास्त जातं, ओटीपोट दुखतं. हार्मोनवालीनं मधेच डाग पडतात, पुढं पाळी कमी होते किंवा थांबते. त्याचा धाग्याशी काही संबंध नाही.

ती बाई आता दर महिन्याला धागा बघते. सासूबाईंना मात्र एक्स-रे अजून पटलेला नाही.