चट्टे मोजून थांबू नका: कुष्ठरोग शोध मोहिमेत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून मी पूर्व विदर्भात काम करतो. मोहीम सुरू झाली की नवे स्वयंसेवक, नव्या परिचारिका, नुकतेच रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी भेटतात आणि बहुतेकांच्या डोक्यात एकच सूत्र पक्कं असतं: पाचपर्यंत चट्टे म्हणजे पीबी, कमी जंतूंचा प्रकार; सहा किंवा जास्त म्हणजे एमबी, जास्त जंतूंचा. सूत्र चुकीचं नाही, पण अर्धं आहे. राहिलेलं अर्धं नसांमध्ये असतं आणि माणसाचा हात वाचतो की जातो, ते तिथे ठरतं.

भाताच्या पट्ट्यातल्या एका गावातला रुग्ण सांगतो. पस्तिशीचा शेतमजूर. आशाताई आणि पुरुष स्वयंसेवक घरी गेले तेव्हा त्याच्या पाठीवर दोन आणि डाव्या दंडावर एक असे तीन फिकट, लालसर चट्टे दिसले. खाज नाही, दुखणं नाही. संशयित म्हणून नोंद झाली आणि तपासणीला माझ्यासोबत वैद्यकीय अधिकारी आले.

आधी चट्ट्याकडे नीट पाहा. दुधासारखा पांढरा असेल तर बहुधा कोड. वरून कोंडा सुटत असेल, खाजत असेल तर शिबं असू शकतं. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि त्यात स्पर्श कमी झालेला असतो. मात्र चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना शाबूत असू शकते. अंगभर पसरलेल्या पुसट चट्ट्यांतही ती बऱ्याचदा जात नाही. अशा वेळी कानाच्या पाळ्या जाड झाल्यात का, अंगावर गाठी आहेत का, कातडी तेलकट चमकते का, हे बघावं लागतं.

संवेदना तपासायला बॉलपेन पुरतो. पेन ओढायचा नाही, टोक हलकेच टेकवायचं. आधी डोळे उघडे ठेवून रुग्णाला काय करणार ते दाखवायचं, मग डोळे मिटायला सांगायचे. नवे लोक विचारतात, "लागलं का?" आणि माणूस लय पकडून "हो, हो" म्हणत जातो, पेन टेकलेला नसतानाही. म्हणून शब्द मागू नका. जिथे स्पर्श झाला तिथे एका बोटाने दाखवायला सांगा, मधे मुद्दाम थांबा, चट्ट्याबाहेरच्या कातडीवरही टेकवा. या माणसाने चट्ट्याबाहेर दर वेळी बरोबर बोट ठेवलं. दंडावरच्या चट्ट्यात पेन टेकला तेव्हा त्याचा हात हललाच नाही.

इथवर हिशोब पीबीचा होता. मग नसा. कोपर किंचित वाकवून, आतल्या हाडाच्या मागच्या खाचेत बोटांच्या पेरांनी अल्नर नस चाचपायची. नखाने नाही, जोर लावून नाही, आणि डोळे रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवून, कारण दुखलं तर ते आधी चेहऱ्यावर उमटतं. दोन्ही बाजू ताडून पाहायच्या. याची डावी अल्नर उजवीपेक्षा स्पष्ट जाड होती, दाबल्यावर दुखत होती. उजव्या पायाच्या आतल्या घोट्यामागची नसही जाड लागली. दोन नसा म्हणजे चट्टे तीनच असले तरी एमबी. आपल्या कार्यक्रमात अनेक वर्षं वापरात असलेला नियम असा की एकापेक्षा जास्त नसा बाधित असतील किंवा त्वचेच्या नमुन्यात जंतू सापडले, तर चट्टे किती हे न पाहता एमबी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांत एक नस बाधित असली तरी एमबी धरलं आहे. म्हणून एकच नस जाड असेल तेव्हा स्वतः शिक्का मारू नका, सध्याच्या सूचना वैद्यकीय अधिकाऱ्यांसोबत पाहा.

प्रकार बदलला की उपचाराची मुदत बदलते. पीबीला सहा महिने, एमबीला बारा. पूर्वी पीबीला रिफाम्पिसिन आणि डॅप्सोन अशी दोनच औषधं मिळत. १ एप्रिल २०२५ पासून त्यांनाही क्लोफाझिमिन धरून तीन औषधं देण्याचा निर्णय झाला. औषधं सारखी झाली म्हणून वर्गीकरण सैल करू नका. एमबीचा रुग्ण पीबीत गेला तर त्याचे उपचार निम्म्यावर थांबतात.

आता विकृती श्रेणी. ती वर्गीकरणापासून वेगळी आहे, ही गोष्ट नव्यांना सगळ्यात उशिरा उमगते. पीबीच्या रुग्णाला श्रेणी २ असू शकते, एमबीच्या रुग्णाला श्रेणी ० असू शकते. दोन डोळे, दोन हात, दोन पाय असे सहा अवयव वेगवेगळे तपासायचे. तळहात किंवा तळपाय बधिर आहे पण डोळ्यांना दिसणारी विकृती नाही, तर श्रेणी १. बोटं वाकडी झाली, पाऊल लोंबकळतं, बधिर भागावर जखम आहे, डोळा पूर्ण मिटत नाही किंवा सहा मीटरवरून बोटं मोजता येत नाहीत, तर श्रेणी २.

चट्टा बधिर आहे म्हणून श्रेणी १ लिहिणं ही नेहमी दिसणारी चूक. चट्ट्यातला बधिरपणा कातडीतल्या बारीक तंतूंचा असतो. श्रेणी मुख्य नस निकामी झाल्याने तळहात-तळपायाचं जे नुकसान होतं त्याची असते. या माणसाच्या दंडावरच्या चट्ट्याने श्रेणीत काहीच भर पडली नाही. पण डाव्या तळहाताची करंगळीकडची बाजू बधिर होती. करंगळी बाहेर ताणून धरायला सांगून मी हलकेच आत ढकलली, तर ती लगेच दबली. बोटं मात्र सरळ होती. म्हणजे डावा हात १. उजव्या पायाचा तळवा बधिर, आणि अंगठ्याच्या बुडाशी चिखलाने भरलेली खोल भेग. चिखलणी करताना पडली असेल, दुखत नाही म्हणाला. ती भेग धुऊन पाहिली नसती तर पायाला १ लिहिला गेला असता. तो २ होता. बाकी चार अवयव ०.

माणसाची श्रेणी म्हणजे सहांतला सर्वांत मोठा आकडा: २. ईएचएफ, म्हणजे डोळे-हात-पाय गुणांक, ही सहांची बेरीज: ३. दोन्ही लिहा. श्रेणी आधीच २ असेल तर पुढे हात बिघडला तरी ती २ च राहते. बिघाड फक्त बेरजेत दिसतो. उपचार संपताना हा गुणांक पुन्हा काढून पहिल्याशी ताडायचा असतो.

हात अशक्त कधीपासून, असं विचारल्यावर तो म्हणाला, रोवणीच्या सुमारास पेंढी सुटायला लागली, म्हणजे साधारण दोन महिने. हा प्रश्न कधीही गाळू नका. नसेचं नुकसान सहा महिन्यांच्या आतलं असेल तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने शक्ती परतण्याची आशा असते, आणि ते वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या देखरेखीत त्याच आठवड्यात सुरू व्हायला हवं. एमडीटी, म्हणजे वर सांगितलेली एकत्रित औषधं, केवळ जंतू मारते, सुजलेली नस सोडवत नाही.

निर्मूलनाच्या आकड्यांशी याचा थेट संबंध आहे. डिसेंबर २००५ मध्ये देशाने दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठलं. पण तो आकडा त्या वेळी उपचार चालू असलेल्यांचा. उपचार संपले की नाव यादीतून उतरतं, वाकडी बोटं तशीच राहिली तरी. उपचारांची मुदत कमी केली तरी तो आकडा उतरतो. म्हणून शोध किती उशिरा लागतोय हे पाहायला निदानाच्या दिवशीची श्रेणी २ आणि नव्या रुग्णांतली मुलं हे दोन आकडे बघतात. आमच्या गावातल्या या एका नोंदीमुळे सगळ्या वस्तीची पुन्हा तपासणी लागली. श्रेणी २ सापडणं म्हणजे आजार तिथे बराच काळ नजरेआड राहिला होता, आणि त्याच्यासोबत आणखी कुणी असू शकतं.

घरातल्यांची तपासणी आधी, रिफाम्पिसिनचा एकच प्रतिबंधात्मक डोस नंतर, हा क्रम पाळा. आजार असलेल्याला तो एक डोस देऊन भागत नाही. दोन वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री, क्षयाची लक्षणं असलेला माणूस यांना तो द्यायचा नसतो. रुग्णाला मात्र पाय रोज पाण्यात बुडवून ठेवायला, मग घासून तेल लावायला आणि भेग झाकायला शिकवलं. एमसीआरची, म्हणजे मऊ रबरी तळव्याची चप्पल मिळाली तरी चिखलात ती चालत नाही, म्हणून भेग भरेपर्यंत शेतात उतरायचं नाही, असं त्याच्या बायकोसमोर ठरवून घेतलं. दर महिन्याला पाकीट द्यायला गेलो की करंगळी ताणायला सांगतो आणि पेन टेकवून दोन्ही तळवे तपासतो.