इंग्लिश कॅप्शन मराठीत आणताना या चुका टाळा

फोटोखालची इंग्लिश कॅप्शन मराठीत करताना सगळ्यात जास्त गडबड होते ती क्रियापदात. इंग्लिशमध्ये फोटोतली गोष्ट साध्या वर्तमानकाळात सांगतात, आपण तेच उचललं की असं होतं:

"एक मुलगी तिच्या लहान भावाला एक गोष्ट वाचते जेव्हा ते रविवारी संध्याकाळी एका गर्दीच्या स्टेशनवर ट्रेनची वाट पाहतात."

शब्द सगळे मराठी आहेत पण असं कोणी बोलतं का? "वाचते" म्हटलं की ती रोजच वाचते असं वाटतं, आत्ता या क्षणाला काय चाललंय ते येतच नाही. आपल्याकडे फोटोखाली "झेंडावंदन करताना विद्यार्थी" असं लिहायची जुनी पद्धत आहे, म्हणजे "-ताना" किंवा "-णारा, -णारी" वापरायचं आणि माणूस शेवटी आणायचा. मग वाक्य असं होतं:

"रविवारी संध्याकाळी गजबजलेल्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना धाकट्या भावाला गोष्ट वाचून दाखवणारी मुलगी."

बघा, कधी आणि कुठे ते आधी आलं, "जेव्हा" गेलं, आणि तिन्ही "एक" गेले कारण मुलगी एकच आहे हे फोटोत दिसतंय. "तिच्या" पण काढलं, धाकटा भाऊ तिचाच असणार ना, आणि नातं सांगायचंच असेल तर "आपल्या" लिहा, "तिच्या" लिहिलं की दुसऱ्याच कुठल्यातरी बाईचा भाऊ वाटायला लागतो. "भावाला वाचते" चं "वाचून दाखवणारी" झालं, हा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण अशी जोडक्रियापदं इंग्लिश शब्दांकडे बघत बसलं तर सुचतच नाहीत.

आता "-ताना" मधली एक अडचण. "स्टेजवरून उतरताना पाहुण्यांना हार घालणारा मुलगा", इथे उतरतंय कोण, मुलगा की पाहुणे? पाहुणे उतरत असतील तर "स्टेजवरून उतरणाऱ्या पाहुण्यांना हार घालताना मुलगा" असं करा, लगेच सुटतं. एका कॅप्शनमध्ये दोन "-ताना" आले की वाक्य अडखळतं, तेव्हा एकाचं "-णारा" करून टाकायचं.

कॅप्शनला दुसरं वाक्य असेल, म्हणजे आधी काय घडलं वगैरे माहिती, तर तिथे हे चालणार नाही, तिथे सरळ भूतकाळातलं पूर्ण वाक्य लिहा. आणि "मुलांद्वारे काढला गेलेला फोटो" नको, "मुलांनी काढलेला फोटो" म्हणा.

कुठे अडलं तर इंग्लिश झाका आणि फोटो न दिसणाऱ्या मित्राला फोनवर सांगतोय असं समजून एकदा मोठ्याने बोला, जे तोंडातून येईल ते लिहा. मग इंग्लिश उघडून कोण, काय, कुठे, कधी एवढं जुळवा, कारण बोलण्याच्या ओघात "रविवारी" सारखा शब्द हमखास गळतो.