परकराचं इलॅस्टिक न घालताच मेलं? या चुका टाळा

मी घरी परकर-ब्लाऊज शिवते आणि अल्टर करून देते, अकोल्यात. एप्रिल-मे आला की इलॅस्टिक बदलायची कामं एकदम वाढतात. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या वहिनी तीन परकर घेऊन आल्या, तिन्ही इलॅस्टिकवाले, तिन्ही सैल, आणि म्हणाल्या "अगं हल्ली मालच खराब येतो". माल थोडाफार खराब असेलही, पण तिन्ही नेफे उसवून बघितले तर तिघांची मरायची तऱ्हा वेगवेगळी निघाली, म्हणून म्हटलं सविस्तर लिहावं.

आधी आत काय असतं ते बघा. साध्या इलॅस्टिकच्या पट्टीत रबराचे बारीक दोरे असतात, शेवईसारखे, आणि त्यांच्याभोवती सुती किंवा पॉलिस्टरचा धागा विणलेला असतो. ताण धरायचं काम फक्त त्या शेवयांचं, बाहेरची वीण नुसती झाकायला. रबर म्हणजे लांबच लांब साखळ्या, त्या गंधकाने एकमेकींना जागोजागी बांधलेल्या असतात म्हणून ओढलं की परत जागेवर येतात. हवेतला ऑक्सिजन या साखळ्या हळूहळू तोडत असतो, रोज, कपाटात ठेवलं तरी. ऊन, उष्णता, तेल, ब्लीच हे सगळे त्याचे मदतनीस. कंपनी रबरात हे थांबवणारी औषधं घालते पण ती वापरात आणि धुण्यात संपत जातात.

आता पहिला परकर. हा कोराच होता, लेबलसकट. लग्नात आलेला, पाच वर्षं माळ्यावर लोखंडी पेटीत, आणि माळ्यावर थेट पत्रा. ओढला तर कर्रकर्र आवाज आला आणि पट्टी लांब झाली ती तशीच राहिली, नेफा उसवला तर आतून शेवयांचे तुकडे आणि पिवळट भुगा पडला. वहिनी म्हणाल्या, एकदाही घातला नाही गं! पण घातलं नाही म्हणजे वाचलं असं नसतं. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की ही साखळ्या तुटायची क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. म्हणजे ३० अंशांच्या खोलीपेक्षा ५० अंशांच्या माळ्यावर चौपट वेगाने, तिथला एक उन्हाळा म्हणजे खालच्या कपाटातलं जवळपास एक वर्ष. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतं, पत्र्याखालचं तर विचारूच नका. म्हणून इलॅस्टिकवाले कोरे कपडे पत्र्याखाली, गच्चीच्या स्लॅबखालच्या वरच्या कप्प्यात किंवा गीझरशेजारी ठेवू नका. खालच्या कप्प्यात, न ताणता घडी करून ठेवा. आणि सहा पेटीकोटांचा सेट स्वस्त मिळाला म्हणून साठवायची सवय तर सोडाच, नाडीचे साठवा हवे तर.

दुसरा रोजच्या वापरातला. याचं इलॅस्टिक पुढे ठीक होतं, फक्त मागे कमरेच्या खळग्यात चिकट, बोटाला च्युइंगमसारखं लागणारं, आणि पट्टी तिथेच रुंद होऊन लाटालाटांची झालेली. असं एकाच जागी चिकट झालं की माझा पहिला संशय तेलावर. विचारलं तर कंबर दुखते म्हणून रात्री तेल चोळून तसाच परकर घालून झोपायच्या. रबर तेल पितं आणि फुगतं, फुगलं की ढिलं होतं आणि ऑक्सिजनला आत शिरायला रान मोकळं. घामातलं पाणी एवढं वाईट नाही, घामाबरोबर जो अंगाचा तेलकटपणा येतो तो वाईट, आणि घामेजलेला परकर बादलीत चार दिवस मुरला तर तेवढे दिवस ते तेल रबरावर बसून राहतं. बाळांच्या चड्ड्यांचं इलॅस्टिक इतक्या लवकर जातं त्यामागेही मालिशचं तेल असतं बरं का. तेल पुसून, अंघोळ करून मग कपडा घाला, आणि घामाचा कपडा त्याच दिवशी निदान साध्या पाण्यातून तरी काढा.

यात एक बारीक गोष्ट, याच परकराला मागे एक पितळी सेफ्टी पिन कायमची टोचलेली होती आणि तिच्याभोवती हिरवट डाग. तांबं रबराचं वैरी आहे, तांब्याचा अंश लागला की रबर झपाट्याने सडतं, आणि पितळेत तांबं असतंच. पिन स्टीलची लावा आणि रात्री काढा.

तिसऱ्याची गंमत वेगळी. एकच बाजू गेलेली, आणि शेवई भिंगाखाली धरली तर तिच्यावर आडव्या बारीक भेगा. गच्चीवर दोरीला कमरपट्टा दोन्हीकडून ताणून चिमटे लावून वाळवायच्या, घडी पडू नये म्हणून! उन्हातले अतिनील किरण तर साखळ्या तोडतातच, पण हवेत थोडा ओझोन असतो तो ताणलेल्या रबरालाच चिरतो, ताणाच्या बरोबर आडवा. सैल रबराला तो तसा चिरत नाही. त्यामुळे चिमटा खालच्या घेराला लावा, कमरपट्टा खाली मोकळा लोंबू द्या, उलटा करून सावलीत वाळवा. ओलेपणाची भीती वाटते त्यांनी सकाळचं कोवळं ऊन द्यावं आणि दुपारच्या आत कपडे काढावेत.

आतले कपडे जंतू मरावेत म्हणून उकळणं, पांढऱ्यावर ब्लीच टाकणं, हे पण याच वर्गातलं, क्लोरीन रबराला आणि स्ट्रेचवाल्या स्पॅन्डेक्सला दोघांनाही खातं. स्पॅन्डेक्स तेल आणि ओझोन जास्त सोसतं, चिकट सहसा होत नाही, पण मेलं की पट्टीतून पांढरे केसासारखे तंतू बाहेर येतात. ते दिसले तर ब्लीच किंवा इस्त्री आठवून बघा. ओलं करून इस्त्री फिरवली की इलॅस्टिक परत घट्ट होतं असे व्हिडिओ फिरतात, त्यात कापड आक्रसतं म्हणून दोन दिवस बरं वाटतं, तुटलेल्या साखळ्या जुळत नाहीत आणि उरलेलं रबर भाजून निघतं ते वेगळंच.

म्हणजे बदलणं आलं. वहिनींची कंबर ३६, तर १ इंची विणलेलं इलॅस्टिक ३३ इंच घेतलं आणि जोडाला १ इंच, एकूण ३४ कापलं. रीळावर ते ताणलेलं असतं म्हणून आणल्यावर रात्रभर मोकळं पडू द्या आणि मग मापा, नाहीतर नंतर आखूड होतं. फार घट्ट कापू नका, दिवसभर जास्त ताणात राहिलेलं रबर लवकर चिरतं. कापडावर थेट शिवू नका, सुई शेवया तोडत जाते, सेफ्टी पिनने नेफ्यात ओवा आणि दोन इंच जागा हातशिलाईने बंद करा, पुढच्या वेळी उसवायला सोपं.

दुकानात घेताना दाराशी उन्हात टांगलेलं रीळ घेऊ नका, आतलं मागा. हातभर तुकडा दुप्पट ताणून सोडा, लगेच मूळ मापाला आला तर घ्या. वहिनींचं मी दुकानातच ताणून बघितलं, दुकानदार वैतागला, पण पहिलं रीळ पाऊण इंच लांबच राहिलं होतं.