मगमधला केक रबरासारखा होऊ नये म्हणून : आधीची तयारी

नागपूरला राहणाऱ्या भावाने आपला जुना मायक्रोवेव्ह आमच्या गावी पाठवला, त्या आठवड्यात मी मगमधला केक तीनदा केला आणि तीनही वेळा तो चमच्याने तुटण्याऐवजी ताणला गेला. कृती सोपी होती: मैदा, साखर, कोको, एक अंडे, दूध, तेल, आणि दोन मिनिटे. नंतर कळले की बिघाड त्या कृतीतच होता, आणि तो बहुतेक सगळा बटण दाबण्याच्या आधीच होऊन गेलेला असे. म्हणून ही यादी मुख्यतः आधीच्या तयारीची आहे. प्रत्यक्ष शिजवणे जेमतेम मिनिटभराचे काम आहे.

सर्वांत आधी, आणि शक्यतो आदल्या दिवशी, आपला मायक्रोवेव्ह किती जोराने तापवतो हे मोजून ठेवावे. मागच्या पट्टीवर दोन आकडे असतात. एक विजेच्या वापराचा, साधारण 1100 ते 1200 वॅटचा, आणि दुसरा पदार्थाला मिळणाऱ्या ऊर्जेचा, साधारण 700 ते 800 वॅटचा. कृतीतील वेळ या दुसऱ्या आकड्यावर ठरते. खेड्यात मात्र पट्टीवरच्या आकड्यावर विसंबून चालत नाही, कारण रब्बीच्या ओलितात एकाच वेळी विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की दाब उतरतो, बल्ब पिवळा पडतो, आणि मायक्रोवेव्हही तितकाच मंद होतो. यासाठी एका मगमध्ये 250 मिलिलीटर साधे पाणी घ्यावे, त्यात लाकडी चमचा उभा ठेवावा (नुसते पाणी कधीकधी न उकळता फार तापते आणि हलवताच उसळते), आणि खळखळ उकळी येईपर्यंतचा वेळ घड्याळात पाहावा. आमच्याकडे दुपारी हा वेळ 2 मिनिटे 5 सेकंद आला, आणि संध्याकाळी मोटारी चालू असताना 2 मिनिटे 50 सेकंद, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांशाने जास्त. त्याच हिशेबाने दुपारी 60 सेकंदांत होणाऱ्या केकला संध्याकाळी सुमारे 80 सेकंद लागतात. हे दोन आकडे मी मायक्रोवेव्हच्या दारावर कागद चिकटवून लिहून ठेवले आहेत. दाब फारच उतरलेला असेल, किंवा घर इन्व्हर्टरवर चालले असेल, तर मात्र केकचा बेत पुढे ढकलावा. घरगुती इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवू नये.

मग 300 ते 350 मिलिलीटरचा, सरळ उभ्या कडांचा, चिनी मातीचा असावा. पीठ त्याच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये, कारण ते फुगून दुप्पट होते आणि उतू गेले तर काचेची फिरती थाळी धुण्यातच संध्याकाळ जाते. सोनेरी काठाचा मग किंवा स्टीलचा पेला आत ठेवू नये. मग मायक्रोवेव्हसाठी चालतो की नाही याची शंका असल्यास तो रिकामाच पाण्याच्या कपाशेजारी ठेवून एक मिनिट चालवावा. पाणी तापले आणि मग गारच राहिला तर तो चालतो, मगच तापला तर नाही.

आता सामान. एका मगसाठी मैदा 3 टेबलस्पून, कोको 1 टेबलस्पून, पिठीसाखर 2 टेबलस्पून, बेकिंग पावडर पाव छोटा चमचा, मिठाची चिमूट, तेल दीड टेबलस्पून आणि दूध 3 टेबलस्पून. टेबलस्पून म्हणजे 15 मिलिलीटर. घरातले पोह्याचे चमचे प्रत्येक घरात वेगळे असतात, म्हणून औषधाच्या बाटलीवरचे खुणा असलेले झाकण स्वच्छ धुऊन मापाला वापरावे, आणि मैदा सुरीच्या पाठीने सपाट करून घ्यावा. कणीक वापरायचा मोह होतो, पण चक्कीच्या कणकेतला कोंडा पाणी ओढतो आणि केक जड होतो. मैद्यातला एक छोटा चमचा काढून त्याजागी कॉर्नफ्लोअर घातले तर चिकटपणा कमी होतो. असले तर घालावे, नसले तर अडत नाही. तेल सोयाबीनचे किंवा सूर्यफुलाचे घ्यावे. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास कोकोच्या वर चढतो, आणि जवसाचे तेल तर चटणीपुरतेच ठेवावे.

बेकिंग पावडर तपासून घ्यावी. आठवड्याच्या बाजारातून आणलेली डबी वर्षभर चालते, पावसाळ्याची दमट हवा तिच्यात शिरते, आणि दिसायला ती कोरडीच असते. अर्धा छोटा चमचा पावडर गरम पाण्यात टाकावी. लगेच जोरात फसफसली तर चांगली, सावकाश दोन-चार बुडबुडे आले तर टाकून द्यावी. तिच्याऐवजी खाण्याचा सोडा त्याच मापाने घालू नये, कारण आंबट पदार्थ सोबत नसला तर केकला साबणासारखी चव येते. फुगवण्याचे काम कमी पडते आहे असे वाटून पावडरचे माप वाढवण्यातही अर्थ नाही, कारण जास्तीचे बुडबुडे एकमेकांत मिसळून फुटतात आणि केक फुगून मधेच बसतो.

अंड्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण रबराचे पहिले कारण तेच आहे. एका अंड्याचे कवच सोडून वजन साधारण 50 ग्रॅम भरते आणि आपला तीन चमचे मैदा जेमतेम 25 ग्रॅमचा असतो. म्हणजे मैद्याच्या दुप्पट अंडे पडते आणि जे तयार होते ते केकपेक्षा गोड आम्लेटच्या जवळचे असते. त्यातही पांढरा भाग तापल्यावर घट्ट होतो आणि थोडी जास्त उष्णता लागताच आतले पाणी सोडून चिवट होतो. पिवळ्या बलकात स्निग्धांश असल्याने तो इतका त्रास देत नाही. म्हणून अंडे नसलेलेच उत्तम. घालायचेच असेल तर नुसता बलक घालावा आणि दूध अर्धा चमचा कमी करावे, किंवा एक अंडे फेटून ते दोन मगांत वाटावे. आमच्या घरी सासूबाईंना अंडे चालत नाही, त्यामुळे हा प्रश्न आपोआप सुटला, आणि खरे सांगायचे तर केक त्यामुळेच सुधारला.

रबराचे दुसरे कारण ढवळणे. मैद्याला पाणी लागले आणि तो घोटला गेला की त्यात चिकट तंतू तयार होतात. पोळीच्या कणकेला आपण ते मुद्दाम आणतो, इथे मात्र ते नको असतात. यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात आधीपासूनच आहे: शंकरपाळ्यांच्या मैद्याला आपण मोहन घालतो तेच इथे करावे. मैदा, कोको, साखर, मीठ व बेकिंग पावडर एका वाटीत चाळून एकत्र करावे, त्यात तेल घालून बोटांनी चोळावे, म्हणजे मैद्याच्या कणांवर तेलाचा थर बसतो आणि दूध त्यांना सहजासहजी चिकटवू शकत नाही. त्यानंतरच साध्या तापमानाचे दूध ओतून काट्याने बारा ते पंधरा वेळा फिरवावे आणि थांबावे. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्याव्यात, त्या शिजताना विरतात. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा किंचित पातळ, चमच्यावरून ओघळणारे हवे. घट्ट वाटले तर चमचाभर दूध आणखी घालावे. हे सगळे वाटीतच करावे, कारण मगमध्ये कालवताना तळाच्या कोपऱ्यांत कोरडा मैदा अडकतो आणि तो काढण्याच्या नादात उरलेले पीठ घोटले जाते. वरुड-मोर्शीकडची संत्री घरात असतील तेव्हा मी सालीचा फक्त नारिंगी भाग किसून चिमूटभर घालते; खालचा पांढरा भाग कडू असतो, तो येऊ देऊ नये.

पीठ मगमध्ये ओतल्यावर वाट पाहू नये, कारण बेकिंग पावडर ओली होताच काम सुरू करते. मग थाळीच्या मधोमध न ठेवता थोडा कडेला ठेवावा, म्हणजे तो फिरत राहतो आणि एकाच जागी उष्णता साचत नाही. ग्रिल किंवा कन्व्हेक्शन नव्हे, मायक्रोवेव्हचाच पर्याय निवडला आहे ना, हे एकदा पाहावे. पूर्ण जोर ठेवावा. अर्ध्या जोरावर जास्त वेळ ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण साध्या मायक्रोवेव्हमध्ये अर्धा जोर म्हणजे पूर्ण जोर काही सेकंद चालू आणि काही सेकंद बंद असा खेळ असतो, आणि एका मिनिटाच्या पदार्थात त्याचा नेम राहत नाही. त्यापेक्षा 700 वॅटला 45 सेकंद लावावे, दार उघडून पाहावे, आणि पुढे दहा-दहा सेकंदांनीच वाढवावे. उघडल्यावर केक थोडा खाली बसतो, पुन्हा तापताना वर येतो.

थांबण्याची खूण आधीच मनात पक्की असावी, कारण रबराचे तिसरे आणि सर्वांत मोठे कारण हे शेवटचे वीस सेकंद आहेत. कडा मगपासून नुकत्याच सुटू लागल्या आहेत, वरचा भाग स्थिर आहे, पण मधोमध रुपयाएवढी ओलसर चकाकी अजून दिसते आहे, अशा वेळी थांबावे. टोचलेल्या काडीला ओले पीठ लागता कामा नये, ओलसर कण लागले तर ठीक. वरचा सगळा भाग कोरडा व निस्तेज दिसला आणि कडा आत ओढल्या गेल्या, तर वेळ उलटून गेली आहे: पाणी वाफ होऊन निघून गेले, आणि मग पुन्हा तापवून ते परत येत नाही. बाहेर काढलेला केक दोन मिनिटे तसाच ठेवावा. आतली उष्णता तेवढ्यात मधला भाग पूर्ण शिजवते. मगचा कान धरण्यासाठी फडके जवळ हवे.

दोन भाच्यांसाठी दोन मग करायचे असतील तर ते एकदम आत ठेवू नयेत. ऊर्जा दोघांत वाटली जाते, वेळ जवळपास दुप्पट लागतो आणि एक कच्चा तर दुसरा कडक निघतो. दुसऱ्या मगचे कोरडे मिश्रण तेल चोळून तयार ठेवावे, आणि पहिला मग बाहेर आल्यावरच त्यात दूध घालावे. केक गरम असतानाच, फार तर दहा-पंधरा मिनिटांत खावा, कारण गार होताना मैदा पुन्हा आवळतो आणि चांगला झालेला केकही रात्री चिवट लागतो.