खो-खोचा संघ निवडल्यावर पालकांना पत्र कसे लिहावे

तालुका स्पर्धेसाठी चौदा वर्षांखालील मुलींचा संघ निवडायचा आहे. सरावाला रोज ३१ मुली येतात आणि जागा बाराच आहेत: नऊ मैदानात, तीन राखीव. यादी लागली की १९ घरांमध्ये रात्री एकच प्रश्न विचारला जाणार, "आमच्या मुलीत काय कमी होतं?" क्रीडाशिक्षकाचे पत्र या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी असते. अभिनंदन आणि दिलगिरी यांतच ते संपले, तर दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न मैदानाच्या फाटकाशी उभा राहतो.

पत्राची तयारी निवडीच्या आधी सुरू होते. निवड चाचणी लागण्यापूर्वीच पालकांना चार ओळींची सूचना पाठवा: कोणत्या तारखांना सराव सामने होतील, त्यांत काय काय नोंदले जाईल, वयाचा दाखला कधीपर्यंत हवा, यादी कधी लागेल. नंतरच्या पत्रात याच सूचनेचा आधार घ्यायचा असतो. जो निकष आधी सांगितला नव्हता, तो नंतर कितीही योग्य असला तरी पालकांना सबबच वाटतो.

सराव सामन्यांत प्रत्येक मुलीच्या नावासमोर तीनच गोष्टी लिहा: संरक्षणात किती सेकंद टिकली, आक्रमणात किती गडी बाद केले, फाउल किती झाले. घड्याळ आणि वही शक्यतो दोन वेगळ्या माणसांकडे द्या. तुमची स्वतःची मुलगी, पुतणी किंवा शाळेच्या समितीवरच्या कोणाची मुलगी चाचणीत असेल, तर त्या दिवशीची वही शेजारच्या शाळेच्या शिक्षकांकडे सोपवा आणि तसे पत्रात एका वाक्यात लिहा. त्या एका वाक्याने पुष्कळ कुजबुज थांबते.

आता मुख्य पत्र. सुरुवातीला आकडे सरळ सांगा. "सप्रेम नमस्कार. तालुका स्पर्धेसाठी बारा मुलींचा संघ निवडला आहे. सरावाला ३१ मुली नियमित येत होत्या. म्हणजे १९ मुलींना या वेळी जागा देता आलेली नाही." इथे "अत्यंत जड अंतःकरणाने" वगैरे नको. पालकांना आधी बातमी हवी असते.

त्यानंतरचा परिच्छेद पत्राचा गाभा आहे, त्यावर वेळ घालवा. बहुतेक पालक असे धरून चालतात की ३१ मुलींची गुणवत्ता यादी लावली आणि वरच्या बारा घेतल्या. खो-खोचा संघ असा होत नाही. संरक्षणाला मुली तिघी-तिघींच्या तुकडीने उतरतात. आक्रमणात आठ जणी मधल्या पाटीवर एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववी पाठलाग करते. म्हणजे जागा भरायच्या त्या कामांच्या. पहिल्या तुकडीत वेळ काढणाऱ्या हव्यात, खांबाजवळ सूर मारून गडी टिपणाऱ्या हव्यात, मधल्या चौकांत खो मिळाल्याबरोबर उठणाऱ्या पण खो मिळण्याआधी न हलणाऱ्या हव्यात. हे पत्रात असेच, साध्या शब्दांत लिहा. खो-खो न खेळलेल्या पालकांनाही ते कळते.

सर्वांत जास्त तक्रार येते ती वेगाची. "शाळेच्या शर्यतीत ती पहिली येते, मग संघात का नाही?" या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते पत्रातच द्यावे. आक्रमण करणाऱ्या मुलीने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत जाईपर्यंत तिला मागे फिरता येत नाही, आणि मधली पाटी ओलांडताही येत नाही. समोरची मुलगी मात्र बसलेल्यांच्या मधून कुठेही शिरू शकते. त्यामुळे नुसती वेगवान मुलगी हुलकावणीला फसते, पुढे निघून जाते किंवा खांदा वळवून फाउल करून बसते. तिथे धावत राहण्यापेक्षा योग्य मुलीला योग्य क्षणी खो देणे महत्त्वाचे असते. वहीत अशा मुलीच्या नावासमोर फाउल जास्त आणि गडी कमी दिसतात. पालकांना हे दाखवून द्या, पण मुलीचे नाव न घेता.

नाव न घेण्याचा नियम सामायिक पत्रात कडक पाळा. त्यात कोणाचेही सेकंद नकोत, निवडलेल्या मुलींचेही नकोत. प्रत्येक घरी जाणाऱ्या प्रतीच्या खाली मात्र हाताने दोन-तीन ओळी लिहा, फक्त त्या मुलीबद्दल.

या ओळी लिहिताना सरासरीवर विसंबू नका. समजा, बाराव्या जागेसाठी दोघी उरल्या. सहा डावांत एकीचे संरक्षण २०, २५, १३०, ३०, २५ आणि ४० सेकंद. दुसरीचे ४५, ४०, ५०, ४५, ५० आणि ४०. दोघींची बेरीज २७०, सरासरी ४५. तरी निवड दुसरीची. तुकडीतली एक विसाव्या सेकंदाला बाद झाली की उरलेल्या दोघींवर आक्रमणाचा सगळा भार येतो आणि पूर्ण तुकडी लवकर गळते. पहिलीच्या १३० सेकंदांच्या डावाची नोंद वहीत पुन्हा पाहिली, तर त्या डावात समोरच्या संघाने लागोपाठ फाउल केले होते असेही दिसू शकते. तेव्हा पहिलीच्या पालकांना असे लिहावे: "तिची हुलकावणी चांगली आहे. सहापैकी पाच डावांत ती चाळीस सेकंदांत किंवा त्याआधीच बाद झाली, बहुतेकदा खांबाजवळ वळताना. साखळीत पळताना खांबापासून हातभर लांबून वळण्याचा सराव तिच्याकडून करून घेणार आहे." हे वाचून वडिलांना राग आला तरी बोलायला काहीतरी ठोस हाती येते, आणि मुलीला उद्या मैदानावर काय करायचे ते कळते.

"सगळ्याच मुली छान खेळल्या" हे वाक्य टाळा, कारण ज्या मुलीला जागा मिळाली नाही तिला ते खोटे वाटते. "पुढच्या वर्षी नक्की घेऊ" हे तर अजिबात लिहू नका. चौदा वर्षांखालच्या गटातली मुलगी पुढच्या वर्षी वयाने त्या गटाबाहेर गेलेली असू शकते, आणि तिथे तिची गाठ सतरा वर्षांखालच्या मोठ्या मुलींशी पडते. वयामुळे बाहेर राहिलेल्या मुलीच्या घरी तेवढेच कारण लिहा. तिच्या खेळाबद्दल निष्कर्ष काढू नका.

पत्र बंद पाकिटात, सगळ्यांच्या हाती एकाच दिवशी, शक्यतो शनिवारी शाळा सुटताना द्या. यादी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याआधी टाकू नका. आईवडिलांना मुलीशी बोलायला रविवार मिळतो आणि सोमवारी ती सरावाला येते की नाही यावरून पत्र कसे पोचले ते कळते. भेटीची वेळ पत्रातच द्या: सोमवार-मंगळवार, सरावानंतर अर्धा तास. "भेटायला आलात तर फक्त आपल्या मुलीची नोंद दाखवीन, दुसऱ्या कोणाची नाही," हेही लिहून ठेवा.

शेवटी बदलीचा नियम स्पष्ट करा. स्पर्धेआधी कोणी जखमी झाली किंवा कागदपत्रांत अडकली तर तिच्या जागी त्याच कामाची मुलगी येईल, म्हणजे खांबावरच्या मुलीच्या जागी खांबावरचीच. प्रवेशिका भरण्याची शेवटची तारीख लिहा आणि त्या तारखेनंतर यादी बदलणार नाही हेही लिहा. मग खाली सही, मोबाइल क्रमांक, आणि मुख्याध्यापकांची प्रतिस्वाक्षरी.