भुवया आणि नाकाजवळचा कोंडा: क्रीम एकदम बंद करू नका

नाशिकची थंडी सुरू झाली की भुवयांत पिवळसर, तेलकट पापुद्रे धरतात आणि नाकपुड्यांच्या कडेची त्वचा लाल होते. घरचे म्हणतात, "कोरडं पडलंय, तेल लाव." हा बहुधा सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे त्वचेच्या तेलकट भागांवर होणारा कोंड्यासारखा दाह असतो. तो वाढवणाऱ्या, त्वचेवरच्या मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीचं खाद्यच तेल आहे, त्यामुळे तेल टाळा. कोरडेपणाला बिनतेलाचं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा.

डॉक्टर बहुधा २ टक्के कीटोकोनॅझोल हे बुरशीनाशक क्रीम दिवसातून दोनदा, २ ते ४ आठवडे देतात. चेहरा साफ झाला की बहुतेक जण ट्यूब ठेवून देतात आणि थोड्याच दिवसांत पापुद्रे परत येतात. हा त्रास मुळापासून जात नाही, ताब्यात राहतो. म्हणून नंतरही आठवड्यातून एकदा-दोनदा त्याच जागी पातळ थर लावत राहायचं, किती काळ ते डॉक्टरांना विचारून. डोक्यात कोंडा असेल तर कीटोकोनॅझोल शाम्पूही हवा, डोळ्यांत जाऊ न देता.

मेडिकलमधून स्वतःहून घेतलेलं स्टिरॉइड मिसळलेलं क्रीम मात्र नकोच. दोन दिवसांत लाली जाते, पण महिनोन्महिने लावलं तर त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात आणि बंद करताच चेहरा भडकतो. महिन्याभरात फरक नसेल किंवा पापण्या सुजल्या तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.