एकांकिका महोत्सवाला प्रायोजक मिळवताना दुकानदारासमोर काय मांडायचं?

बहुतेक मंडळं आधी 'गोल्ड, सिल्व्हर' अशी नावं ठरवतात आणि मग प्रत्येकात काय द्यायचं ते शोधत बसतात. क्रम उलटा करा. आधी नाव दिसण्या-ऐकू येण्याच्या जागा मोजा.

समजा, कॉलेजच्या नाट्यमंडळाचा एक दिवसाचा महोत्सव आहे. आठ एकांकिका, चारशे खुर्च्यांचं सभागृह, खर्च 50,000 रुपये. रंगमंचावरचा बॅनर सगळ्यांना आधी सुचतो, पण प्रयोगाच्या वेळी तो उतरवावाच लागतो. तो दिसणार फक्त उद्घाटन आणि बक्षीस समारंभात. खरी मोलाची जागा म्हणजे दोन एकांकिकांमधला नेपथ्य बदलण्याचा वेळ. पडदा पडलेला, दिवे लागलेले आणि बरेचसे प्रेक्षक जागेवरच. अशा सात संधी मिळतात. त्या घोषणेत नाव एकच असेल तर लक्षात राहतं, दहा नावं वाचली तर कुणी ऐकत नाही.

म्हणून मुख्य प्रायोजक एकच: 20,000 रुपये, सातही घोषणा आणि बॅनरवर सर्वांत वर नाव. सहप्रायोजक तीन, प्रत्येकी 8,000: प्रवेशद्वाराची कमान आणि प्रवेशिकेची मागची बाजू. शुभेच्छुक आठ, प्रत्येकी 2,000: कार्यक्रमपत्रिकेत नाव. बेरीज 60,000 होते. एक सहप्रायोजक आणि एक शुभेच्छुक मिळाला नाही, तरी खर्च भागतो. छापखान्याने पैशांऐवजी बॅनर छापून दिले, तर त्या बिलाएवढ्या रकमेचा स्तर त्याला द्या.

प्रेझेंटेशन पाच पानांचं पुरे: महोत्सव काय आणि कधी, प्रेक्षक कोण, स्तरांचा तक्ता, नमुना, संपर्क. दुकानदार ते व्हॉट्सॲपवर, गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता बघणार, म्हणून अक्षरं मोबाइलवर वाचता येतील एवढी मोठी ठेवा. सगळ्यात जास्त मेहनत नमुन्याच्या पानावर घ्या. प्रवेशिकेच्या चित्रावर त्याच दुकानाची पाटी बसवून दाखवा. चष्म्याच्या दुकानात जाताना चष्म्याच्या दुकानाचं नाव, क्लासमध्ये जाताना क्लासचं. "चारशे प्रेक्षक" म्हणताना त्यात विद्यार्थी किती आणि बाहेरचे किती, हेही सांगा. मिसळवाल्याला विद्यार्थी हवेत, सराफाला त्यांचे पालक.

एकाच धंद्यातले दोन प्रायोजक घेणार की नाही, हे तक्त्याखाली लिहून टाका. हा प्रश्न हमखास येतो, आणि तोंडी दिलेला शब्द पुढचा स्वयंसेवक विसरतो.

भेटीला प्राचार्यांच्या सहीचं पत्र न्या. दिवाळीच्या खरेदीत किंवा संध्याकाळच्या गर्दीत जाऊ नका, सकाळी दुकान उघडल्यानंतरचा तास बरा. पैसे कॉलेजच्या खात्यातच घ्या आणि पावती द्या. विद्यार्थ्याच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितले, तर होकार दिलेला माणूसही बिचकतो.

महोत्सवानंतर आठवड्याच्या आत कमानीचा फोटो, घोषणेचं रेकॉर्डिंग आणि किती खुर्च्या भरल्या तो खरा आकडा प्रत्येकाला पाठवा. पुढच्या वर्षी 'प्रेक्षक कोण' या पानावर हाच आकडा घालता येतो.